अम्मी, अंदाजाने लिहू नकोस

अहमदपूरच्या एका घरात रमजानच्या चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. टपालाने नाही. नांदेडहून लोह्यामार्गे येणाऱ्या एसटीत गल्लीतला एक मुलगा बसला होता, त्याच्या खिशातून आली. वहीचे दोन पानभर मजकूर, निळी शाई. लिहिणारा घरातला थोरला मुलगा; नांदेडला विष्णुपुरी भागात चार मित्रांसोबत खोली करून राहतो आणि शिकतो.

रोज रात्री फोनवर बोलणाऱ्या मुलाने चिठ्ठी का पाठवावी, म्हणून आई आधी घाबरली. तिचं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, मुलांचं मराठी शाळेत. दहावीतल्या मुलीला जवळ बसवून तिने ती वाचून घेतली.

“प्रिय अम्मी, सलाम. फोनवर विचारलं की तू म्हणतेस, मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, वास आला की उतरव. मी फोन ठेवतो आणि विसरतो. म्हणून लिहून मागतो आहे. मला पाच गोष्टी लिहून पाठव. स्वयंपाकघर चौघांचं आहे, म्हणून अटी आहेत. पहाटे कुकरची शिट्टी आणि मिक्सर चालणार नाही, कारण भिंतीपलीकडे तिघे झोपलेले असतात आणि त्यांच्या परीक्षा आहेत. खोलीत मटण, अंडी शिजवायची नाहीत, हे आम्ही पहिल्याच महिन्यात ठरवलं. एक जण माळकरी घरातला आहे. फ्रिज नाही. भांडी म्हणजे तीन लिटरचा एक कुकर, एक पातेलं, एक कढई, एक तवा. गॅसचे पैसे चौघांत वाटले जातात, त्यामुळे दोन-दोन तास काही शिजवता येणार नाही. आणि एक. दुपारनंतर मी काही चाखू शकत नाही. म्हणून अम्मी, अंदाजाने लिहू नकोस.”

चिठ्ठीत पुढे अभ्यासाचं, खोकल्याचं, धाकटीच्या शाळेचं होतं. आईचं लक्ष मात्र त्यात नव्हतं. ज्या अर्थी पोरगा आता, चौथ्या रोज्याला रेसिपी मागतोय, त्या अर्थी आधीचे तीन दिवस सहेरीला त्याने काय खाल्लं? तिने फोन लावून एवढंच विचारलं. पलीकडून थोडा वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: “बिस्किटं. आणि पाणी.”

सहेरी म्हणजे रोजा ठेवणाऱ्याने पहाट उजाडण्याआधी घेतलेलं जेवण. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. बिस्किटांवर ठेवलेला रोजा सकाळी दहापर्यंत निभतो. मैद्याचं आणि साखरेचं ते खाणं लवकर पचून जातं आणि दुपारच्या तासाला डोकं दुखू लागतं. आईला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

हाताला माहीत, चमच्याला नाही

अडचण दुसरीच निघाली. आईला स्वयंपाक येत होता, पण लिहिता येईल असा येत नव्हता. मीठ किती, या प्रश्नाला तिचं उत्तर म्हणजे तीन बोटांची चिमूट. आणि गंमत अशी, की रमजानमध्ये तीही चाखत नाही. गेली कितीतरी वर्षं दुपारी चार वाजता रोज्याने ती फोडणी देते, मीठ टाकते, आणि मगरिबनंतर घरातले जेवायला बसतात तेव्हा कुणी वरून मीठ मागत नाही. हा अंदाज तिच्या हातात आहे. मुलाच्या हातात तो यायला आणखी वीस वर्षं जातील आणि रोजे तर आत्ता चालू आहेत.

मार्ग धाकटीने काढला. तिने घरातला रोजच्या वापरातला एक स्टीलचा ग्लास आणि चहा-साखरेचा एक चमचा ओट्यावर ठेवला. अम्मीने नेहमीसारखं सगळं हातानेच घ्यायचं, पण भांड्यात टाकण्याआधी ते ग्लासात किंवा चमच्यात ओतायचं. धाकटी बघणार, वहीत लिहिणार आणि मगच अम्मीने पुढे जायचं. तीन बोटांच्या चिमटीने तीनदा घेतलेलं मीठ चमच्यात ओतलं, तर ते बरोबर एक सपाट चमचा भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. “बघ,” आई म्हणाली, “मी तर अंदाजाने टाकते.”

पहिली: खिचडी-खट्टा

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच्या खुणा अजून चुलीवर आहेत. हैदराबादेत सकाळच्या न्याहारीला खिचडी, सोबत खिमा, पापड आणि चिंचेचा पातळ खट्टा असतो. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हीच खिचडी सहेरीला होते. खिमा वगळला तरी तिचं काही अडत नाही, म्हणून यादीत ती पहिली आली.

एक ग्लास तांदूळ, अर्धा ग्लास मसूर डाळ. उठल्याबरोबर दोन्ही एकत्र धुऊन भिजत टाकायचं आणि मग तोंड धुवायला जायचं. वीस मिनिटं भिजणं पुरेसं आहे. रात्रीच भिजवून ठेवलं तर तांदूळ मोडतो आणि डाळीचा लगदा होतो. कुकर वापरायचा, पण त्याचं झाकण नाही. जाड बुडाचं पातेलं म्हणून तो घ्यायचा आणि वर साधी ताटली ठेवायची. दोन चमचे तेलात जिरं, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मग उभा चिरलेला एक कांदा लाल होईपर्यंत. त्यावर एक चमचा आलं-लसूण, पाव चमचा हळद, निथळलेले डाळ-तांदूळ. डाळ-तांदूळ मिळून दीड ग्लास होते, पाणी त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन ग्लास. पाणी गरम करून घालायचं. मीठ एक सपाट चमचा. जास्त नको, सहेरीचं खारट जेवण दुपारी तहानेच्या रूपाने वसूल होतं.

आता आच मोठी ठेवायची आणि ताटली काढून ठेवायची. पाणी आटत आटत तांदळाच्या पातळीला येतं आणि खिचडीच्या अंगावर छोटी छोटी भोकं दिसू लागतात. ही भोकं दिसली, की खाली तवा सरकवायचा, वर ताटली, आच अगदी बारीक, बारा मिनिटं. या वेळात चमचा घालून ढवळायचं नाही. ढवळलं की शीत मोडतं आणि खिचडीची पेज होते. झाली की नाही हे बघायला भांडं जरा कलतं करायचं. कडेला पाणी सरकलं नाही तर गॅस बंद, आणि झाकून आणखी पाच मिनिटं.

खट्ट्याला शिजवावं लागतच नाही. लिंबाएवढी चिंच रात्री एक ग्लास पाण्यात स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजवायची, ॲल्युमिनियमच्या नाही. सकाळी कोळून गाळून घ्यायची. तीळ आणि शेंगदाण्याचा भाजून केलेला कूट तीन चमचे, बारीक चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धा चमचा मीठ. वरून जिरं, लाल मिरची आणि कढीपत्त्याची चमचाभर तेलातली फोडणी.

मिक्सरची अट इथे आडवी येत होती. म्हणून आईने कूट घरीच करून डबा भरला. तीळ आणि दाणे वेगवेगळे भाजले, कारण तीळ लवकर करपतात. पूर्ण गार झाल्यावरच वाटले. गरम वाटले तर तेल सुटून गोळा होतो. डब्यावर धाकटीने चिकटवलं: ओला चमचा घालू नये.

दुसरी: टमाट्याचा कट

हाही हैदराबादी पदार्थ. खरं तर त्यात उकडलेली अंडी सोडतात, पण आईने चिठ्ठीत आधी खोलीची अट लिहून घेतली: “अंडी खायची तर बाहेरून उकडलेली आणून बाहेरच खा. भांड्यात टाकू नकोस. दोस्ताचा शब्द दिलाय तो पाळ.”

अर्धा किलो पिकलेली टमाटी चिरून, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक ग्लास पाणी. झाकून पंधरा मिनिटं शिजवायचं, डावाच्या पाठीने घोटायचं आणि गाळणीतून गाळायचं. साल आणि बी वर राहतं. पातळ रसाला अंग यावं म्हणून एक चमचा बेसन लागतं, आणि नवख्याचा कट बिघडतो तो इथेच. कच्चं बेसन थेट उकळत्या रसात टाकलं तर गाठी होतात आणि कच्चा वास जात नाही. बेसन आधी कोरडं, खमंग वास येईपर्यंत भाजायचं, गार पाण्यात कालवायचं आणि मग रसात सोडायचं. तिखट अर्धा चमचा, मीठ एक चमचा, पाच मिनिटं उकळी. शेवटी जिरं, मोहरी, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी.

कट रात्री करून सहेरीलाही चालतो, कारण टमाट्याच्या आंबटपणामुळे तो डाळीसारखा पटकन खराब होत नाही. रात्री झाकण्याआधी एक उकळी, पहाटे पुन्हा एक उकळी. पोळ्या खालच्या पोळी केंद्रातून आणलेल्या चालतील. उन्हाळा वाढला, की मात्र रात्रीचा कट पहाटेसाठी ठेवायचा नाही.

तिसरी: इफ्तारचे हरभरे

संध्याकाळी कुकरच्या शिट्टीने कुणाची झोप मोडत नाही. एक ग्लास काळे हरभरे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजवायचे. सकाळी ते फुगून दुपटीहून जास्त होतात, म्हणून भांडं मोठं घ्यायचं. सकाळी पाणी बदलायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. पाच वाजता कुकरला लावायचे, बुडतील एवढं पाणी आणि एक सपाट चमचा मीठ. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग पंधरा मिनिटं बारीक. एक हरभरा बोटांत दाबला तर सहज चेपला पाहिजे आणि साल निसटली पाहिजे. कढईत दोन चमचे तेल, जिरं, कांदा, हिरवी मिरची, पाव चमचा हळद आणि मग हरभरे, उतरवल्यावर लिंबू.

मुलाची खरी धास्ती याच पदार्थाची होती. रोजा सुटायच्या आधीचा तास, पोटात काही नाही, आणि मीठ बरोबर पडलं की नाही हे कळायला मार्ग नाही. धाकटीने इथे आईला विचारून कंसात लिहिलं: “मिठाची शंका आली तर दोस्ताला चाखायला दे. त्याचा कुठे रोजा आहे.”

चौथी: दुधातल्या शेवया

ज्या दिवशी उठायला उशीर झाला, त्या दिवसासाठी ही दहा मिनिटांची सहेरी. चमचाभर तुपात मूठभर बारीक शेवया मंद आचेवर बदामी करायच्या. डोळा हलला की त्या काळ्या होतात, म्हणून त्या वेळी फोन हातात घ्यायचा नाही. त्यांवर अर्धा लिटर गरम दूध, चार मिनिटं उकळी, तीन चमचे साखर, बी काढून चिरलेल्या चार खजुरा. पातळ वाटते तेव्हाच उतरवायची. शेवया ताटलीखालीही दूध पीत राहतात. भांड्यात दाट दिसेपर्यंत थांबलं तर वाटीत येईस्तोवर तिचा गोळा होतो.

फ्रिज नसल्याने दूध रात्री दहाला एकदा उकळून, जाळीने झाकून, पाण्याच्या परातीत ठेवायचं. पहाटे शेवयांवर ओतण्याआधी ते वेगळं तापवायचं. नासलं असेल तर वेगळ्या भांड्यातच फाटेल, शेवया आणि तूप तरी वाचेल.

पाचवी आईने लिहिली नाही

धाकटीने वहीत पाच आकडा घातला आणि आई थांबली. दालचा, बगारा भात, दमचे वांगे अशी नावं निघाली. एकाला वेळ फार, दुसऱ्याला भांडी फार. मग तिने सांगितलं ते धाकटीने तसंच लिहिलं:

“पाचवी गोष्ट मी लिहीत नाही. ती तुझ्या माळकरी दोस्ताच्या आईला विचार. चौघे एकत्र जेवाल त्या दिवशीचा पदार्थ त्यांनीच सांगावा. मी चार लिहिल्या त्यांत कांदा-लसूण आहे. त्यांच्या घरी कोणत्या दिवशी काय चालतं, हे मला माहीत नाही. विचारताना त्यांना काकू म्हण आणि तूही अंदाजाने मागू नकोस. मोजून माग.”

पाकीट, कुटाचा डबा आणि शेवयांची पुडी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नांदेडला गेली.

काकूंचा पदार्थ फोनवरून आला आणि तो पिठलं निघाला. एक ग्लास बेसनाला तीन ग्लास पाणी. एक ग्लास पाण्यात बेसन आधी गाठी मोडून कालवायचं. कढईत मोहरी, जिरं, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी, त्यावर उरलेलं दोन ग्लास पाणी, मीठ एक चमचा. पाण्याला खळखळून उकळी आली, की एका हाताने बेसन ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मग झाकून, मंद आचेवर पाच मिनिटं. बेसनाचा कच्चा वास गेला आणि पिठलं कढईच्या कडा सोडू लागलं, की झालं. लसूण हवा असेल तर फोडणीत सहा पाकळ्या. नको असेल त्या दिवशी हिंग. काकूंनी शेवटी विचारलं, “पहाटे एकटाच उठतो का रे तो? मग त्याला सांग, पिठल्यात तिखट कमी घाल. दिवसभर पाणी नाही प्यायचं त्याला.”

ग्लास आणि चमचा

सहाव्या रोज्याला पहाटे चारला पहिली खिचडी चढली. भोकं दिसली, तवा सरकवला, ताटली ठेवली, कुणी जागं झालं नाही. शीत मोकळं निघालं. पण दोन गोष्टी चुकल्या. खिचडी एकट्याला किंवा दोघांना पुरेल एवढी नव्हती, चौघांना पुरली असती. आणि मीठ कमी होतं.

दुपारी त्याने फोनवर तक्रार केली. आईने दोनदा विचारलं, चमचा सपाट होता का? होता. मीठ तेच का? तेच. शेवटी धाकटीने विचारलं, “ग्लास कोणता घेतलास?”

खोलीतला ग्लास मोठा होता. घरच्या ग्लासात दोनशे मिली पाणी मावतं, खोलीतल्यात तीनशे. तांदूळही त्यानेच मोजला, डाळही त्यानेच, पाणीही त्यानेच, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडलं नाही आणि खिचडी नीट शिजली. पण ती दीडपट झाली. चमचा मात्र घरच्यासारखाच होता, म्हणून मीठ आहे तेवढंच राहिलं. पाणी आणि धान्य एकाच भांड्याने मोजलं तर भांडं कोणतंही चालतं. मीठ दुसऱ्या मापाने मोजलं, की ग्लास किती मोठा आहे हे माहीत असावं लागतं. आईच्या हाताला हे कळतं. धान्य वाढलं की तिची चिमूट आपोआप मोठी होते. कागदाला ते सांगावं लागतं.

उरलेली खिचडी वाया गेली नाही. आठ वाजता तिघे उठले, तव्यावर गरम केली, खट्ट्यात बुडवून खाल्ली. वर मीठ मात्र तिघांनीही घेतलं.

ओट्याच्या वर भिंतीला आता तो कागद चिकटवलेला आहे. चार पदार्थ धाकटीच्या अक्षरात, पाचवा त्याच्या स्वतःच्या. खिचडीच्या ओळीत “मीठ एक सपाट चमचा” यावर एक काट मारली आहे आणि शेजारी दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलने लिहिलं आहे: “दीड. आपला ग्लास मोठा आहे.”